झोपेचा उलटा हिशेब

मराठी माणसाला उलटा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. रात्री दहाची गाडी असली की घरातला कोणीतरी दुपारपासूनच सुरू होतो: दहाची गाडी म्हणजे साडेनऊला फलाटावर, म्हणजे पावणेनऊला रिक्षा, म्हणजे आठला पानं घ्यायची, म्हणजे सातला कुकर लावायचा, आणि रिक्षा मिळाली नाही तर म्हणून आणखी पंधरा मिनिटं. एवढं करून मंडळी सव्वानऊलाच फलाटावर बॅगांवर बसलेली असतात आणि गाडी पाऊण तास उशिरा येते, तो भाग वेगळा. लग्नाचा मुहूर्त बारा सतराचा असला तर नवरीने पहाटे किती वाजता डोक्यावरून पाणी घ्यायचं इथपर्यंत मावशी मागे मोजत जाते. फार कशाला, सकाळी खिचडी हवी तर साबुदाणा रात्री भिजला पाहिजे, हे ज्याला कळतं त्याला उलटी गिनती येते.

हे गणित नेमकं झोपेपाशी येऊन थांबतं. पहाटे पाचला उठायचं असेल तर आपण पाचचा गजर लावतो आणि काम झालं असं समजतो. झोपायचं कधी? सगळं उरकलं की. म्हणजे दिवसभराची जेवणं झाल्यावर तळाशी जी खरवड उरेल, ती झोपेच्या वाट्याला. गजर लावताना फोन खाली हिशोबीपणाने दाखवतो, ‘आतापासून चार तास बावन्न मिनिटांनी वाजेल.’ आपण ते वाचतो, ‘अरे बापरे’ म्हणतो, आणि एक व्हिडिओ बघून मग झोपतो.

यावर फोन बनवणाऱ्यांनी काढलेली युक्ती साधी आहे. २०१६ साली आयफोनच्या घड्याळात ती आली. पुढे अँड्रॉइड फोनांतही तशीच सोय झाली. फोन तुम्हाला आधी उठायची वेळ विचारतो. मग किती तास झोप हवी ते विचारतो. त्यातून झोपायची वेळ तो स्वतः काढतो आणि त्याच्याही आधी, अर्धा-पाऊण तास, एक हळुवार घंटा वाजवतो: आता आवरायला लागा. सकाळचा गजर उठवण्यासाठी असतो, ही घंटा थांबवण्यासाठी असते. आणि कामात असलेल्या माणसाला थांबवणं हे झोपलेल्याला उठवण्यापेक्षा अवघड, हे ज्याने मांडवात भाषण करणाऱ्या पाहुण्याला थांबवायचा प्रयत्न केला आहे त्याला माहीत असेल.

माझी ताई आणि भाऊजी डोंबिवलीला राहतात. भाऊजींची लोकल सहानंतर लगेचची. मिनिटाचा आकडा सांगत नाही, त्या डब्यात आधीच पुरेशी गर्दी आहे. या वयात झोप कमी पडते म्हणून त्यांना डॉक्टरांनी झोपेची वेळ ठरवायला सांगितलं, चिरंजीवांनी फोनात ती घंटा लावून दिली, आणि पहिल्याच दिवशी ती रात्री साडेआठला वाजली. भाऊजी घरात शिरून वीस मिनिटं झाली होती. पायातले मोजे निघाले होते, पँट निघायची होती.

‘‘हे बिघडलंय,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘साडेआठला कोण झोपतं? कोंबड्या.’’

ते बिघडलेलं नव्हतं. आम्ही लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. पाच पन्नासला घराबाहेर पडायचं. त्याआधी दाढी, आंघोळ, देवाला दिवा, चहा, डबा पिशवीत घालणं आणि चष्मा शोधणं यांना धरून एक तास, म्हणजे चार पन्नासला उठायचं. आता मागे चला. प्रौढ माणसाला नियमाने किमान सात तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या आणि संशोधकांच्या दोन संस्थांनी मिळून २०१५ साली सांगितलं. पण सात तास झोप म्हणजे सात तास गादीवर नव्हे. आडवं झाल्यावर डोळा लागायला दहा-वीस मिनिटं जातात, ती पंधरा धरली. मग रात्रीत एकदा बाथरूम, एकदा पाणी, एकदा डास, एकदा ‘दाराला कडी लावली का गं?’ अशी मिळून वीस मिनिटं धरली. धडधाकट माणसाचीही गादीवरची सगळी वेळ झोपेत जात नाही. शंभरातली पंच्याऐंशीच्या वर गेली तर झोपेचे डॉक्टर पाठ थोपटतात. तर सात तास पस्तीस मिनिटं. चार पन्नासमधून ती वजा केली की सव्वानऊ. सव्वानऊला दिवा बंद. त्याआधी आवरायला पाऊण तास. साडेआठ.

भाऊजींनी वजाबाकी स्वतः करून पाहिली, मग कॅल्क्युलेटरवर करून पाहिली. कॅल्क्युलेटरने घड्याळाचे साठ न मानता शंभर मानल्यामुळे तिथे काहीतरी भलतंच उत्तर आलं, आणि तेवढ्यावरून त्यांना हिशेबच चुकीचा असल्याची आशा वाटली. ती मावळल्यावर म्हणाले, ‘‘मग जेवायचं कधी?’’

हा प्रश्न झोपेचा नव्हता. चौदा तासांहून जास्त वेळ घराबाहेर असलेल्या माणसाच्या दिवसात, ते तास आणि सात तास पस्तीस मिनिटं वजा केल्यावर, जे उरतं त्यात जेवण, आंघोळ, बायकोशी बोलणं, आईचं औषध आणि बातम्या बसवायच्या आहेत, असं ती घंटा म्हणत होती. त्यात घंटेची काही चूक नाही. काटा ज्या किलोला थांबतो त्याबद्दल वजनकाट्यावर रागावून उपयोग नसतो, पण रागावतात खरं लोक.

इथे एक फाटा फोडतो. दीड-दीड तासाची झोपेची आवर्तनं मोजून ‘तुम्ही ९ वाजून १६ मिनिटांनी झोपा’ असं सांगणारी गणितयंत्रंही असतात. चिरंजीवांनी तसलं एक काढून दाखवलं. झोपेची आवर्तनं असतात हे खरं, दीड तास ही त्यांची सरासरी हेही खरं. पण एकेक आवर्तन सत्तर मिनिटांचंही असतं नि दोन तासांचंही, आणि एकाच माणसाच्या एकाच रात्रीत ती बदलत जातात. त्यामुळे तो १६ चा आकडा म्हणजे पत्रिकेतल्या पळांसारखा आहे. पंधरा मिनिटांच्या आसपास हिशेब आला की पुष्कळ झालं.

ताई आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘माझा करा की हिशेब.’’

फोनाला घर कळत नाही, त्याला एक माणूस कळतो. भाऊजी चार पन्नासला उठणार, तर त्यांच्या डब्यातली भाजी-पोळी साडेचारला उठलेल्या माणसाने केलेली असणार. साडेचारमधून सात तास पस्तीस गेले की आठ पंचावन्न. त्यातून पाऊण तास गेला की आठ दहा. ताईच्या निजण्याची पहिली घंटा आठ दहाला वाजायला हवी, आणि आठ दहाला डोंबिवलीच्या त्या घरात रोज एक घंटा वाजतेच. दाराची. भाऊजी आलेले असतात.

खोलीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. भाऊजींनी बिल उलटं करून युनिट किती झाले ते पाहिलं.

आणि त्या पाऊण तासाचं काय? फोनच्या कल्पनेतला पाऊण तास फार सुरेख आहे. त्यात माणूस मंद दिव्याखाली पुस्तक चाळतो, हलकं संगीत ऐकतो, हातपाय ताणतो. ताईच्या पाऊण तासात झाकपाक असते. उरलेला भात डब्यात, आमटी छोट्या पातेल्यात, ओटा पुसणं, दुधाला विरजण लावणं, मटकी भिजत घालणं, उद्याची भाजी निवडणं, गॅसचा कॉक बंद आहे का बघणं, सासूबाईंचं रात्रीचं औषध, वाळलेले कपडे काढणं, आणि सगळं झाल्यावर, ओटा लख्ख झाल्यावर, कोणीतरी स्वयंपाकघरात येऊन ‘काही गोड आहे का?’ असं विचारणं. आम्ही ताईला एक संध्याकाळ घड्याळ लावून काम करायला सांगितलं. झाकपाक पस्तीस मिनिटांची भरली, गोड वगळून. म्हणजे घंटा वाजून तिने लगेच उठायचं ठरवलं तरी शांततेला दहा मिनिटं उरतात. या घंटेतली सर्वांत मोठी गोम इथेच आहे. ती ‘आवरायला लागा’ म्हणते, पण आवरण्याला तुमच्या घरात किती वेळ लागतो हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. पाऊण तास हा आकडा तिने मनानेच धरलेला असतो. तो बदलता येतो. तो बदलायचा असतो हे मात्र फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही.

तरी ताईने एकदा हट्टाने करून पाहिलं. भात-पिठलं लवकर करून, झाकपाक भाऊजींवर टाकून ती बरोबर आठ पंचावन्नला आडवी झाली. बाहेर भांडी आपटत होती. पण भांडी नसती तरी तिला झोप लागली नसती, आणि याचं कारण १९८६ साली इस्रायलमध्ये हैफाच्या टेक्निऑनमध्ये सापडलं आहे.

पेरेट्झ लावी नावाच्या संशोधकाने तिथे लोकांना प्रयोगशाळेत ठेवलं आणि दर वीस मिनिटांतली सात मिनिटं अंधारात झोपायचा प्रयत्न करायला सांगितलं. उरलेली तेरा मिनिटं जागं. असं रात्रंदिवस. प्रत्येक सात मिनिटांत कोणाला किती झोप लागते ते मोजलं. अपेक्षा अशी की माणूस जितका जास्त वेळ जागा तितका तो जास्त पेंगणार, म्हणजे संध्याकाळ चढत जाईल तशी झोप सोपी होत जाईल. झालं उलटं. नेहमीच्या निजण्याच्या वेळेआधीच्या दोन-तीन तासांत, रात्रभर जागवलेल्यांनासुद्धा, झोप लागता लागेना. मग एकाएकी, जणू फाटक उघडावं तशी, ती येऊ लागली. लावींनी त्या आधीच्या पट्ट्याला झोपेची निषिद्ध वेळ म्हटलं. शरीरातलं दिवस-रात्रीचं घड्याळ दिवसाच्या शेवटी जागं ठेवण्याचा जोर लावतं, म्हणून तुम्ही दिवसभर जागे राहू शकता. नाहीतर दिवेलागणीलाच आपण सगळे पाटावर पेंगलो असतो.

ताईचं शरीर गेली कित्येक वर्षं अकराला निजणारं. त्याच्या दृष्टीने आठ पंचावन्न म्हणजे त्या पट्ट्याच्या आतलीच वेळ. ती पडून राहिली, छताकडे बघत राहिली, मटकी भिजवली का याचा विचार करत राहिली. पावणेदहाला उठून बघून आली. भिजवली नव्हती.

म्हणजे वजाबाकीने आलेलं उत्तर अंकगणितात बरोबर आणि शरीरात चूक असू शकतं. झोपेची वेळ दोन तास अलीकडे ओढायची तर एका रात्रीत ती येत नाही. त्याची रीत अशी की उठायची वेळ खुंटीसारखी ठोकून ठेवायची, रविवारीही फार हलू द्यायची नाही. सकाळी उठल्यावर उजेडात जायचं, संध्याकाळी दिवे मंद ठेवायचे. आणि घंटा दर तीन-चार दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे सरकवायची. घाई झाली की नाही हे कळायलाही सोपं आहे. गादीवर अर्धा-अर्धा तास डोळे टक्क उघडे राहिले तर तुम्ही निषिद्ध पट्ट्यात घुसला आहात. अशा वेळी पडून राहून झोपेशी झटापट करू नये. रिचर्ड बूट्झिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली निद्रानाशाच्या रुग्णांसाठी जे नियम केले, त्यांतला मुख्य नियम हाच: पेंग आली तरच गादीवर जा, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा. गादीला जागरणाची सवय लागता कामा नये. म्हणून घंटेचं म्हणणं ‘झोपा’ असं कधीच घेऊ नये. ती फक्त दुकानाची फळी ओढायला सांगते. गिऱ्हाईक कधी जाईल ते गिऱ्हाईक ठरवतं.

भाऊजींचा प्रश्न वेगळाच निघाला. ‘‘मला नाही हा त्रास,’’ ते अभिमानाने म्हणाले, ‘‘उशीला डोकं टेकलं की मी गेलो.’’ त्यांच्या घराण्यात हे कर्तृत्व समजतात. त्यांचे वडील म्हणे पाटावरून उठता उठता झोपत. पण पाच मिनिटांच्या आत रोज झोप लागणं हे झोपेच्या डॉक्टरांच्या मोजमापात आरोग्याचं लक्षण धरत नाहीत, थकबाकीचं धरतात. डोंबिवलीला जागा मिळाली की मुंब्र्यापर्यंत हनुवटी छातीला टेकते, ठाणं आलं की कोणीतरी खांदा हलवतो, हीही त्याच खात्यातली नोंद. हे ऐकल्यावर भाऊजी जरा नाराज झाले. वडिलोपार्जित इस्टेटीवर बोजा निघाल्यासारखे.

मग आम्ही खरी कामगिरी हाती घेतली. झोप कमी करायची नाही आणि लोकल हलत नाही, तर मधलं काय हलतं ते पाहायचं. सकाळच्या तासाभरातली आंघोळ सर्वांत मोठी निघाली, गीझरचं पाणी तापण्यासह वीस मिनिटं. ती रात्री का नको? घरी आल्या आल्या, सव्वाआठला, गरम पाण्याने. हा नुसता सोयीचा भाग नाही. झोपण्याआधी एक-दोन तास, चाळीस ते साडेबेचाळीस अंश सेल्सिअसच्या पाण्याने आंघोळ केली तर डोळा सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागतो, असं टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली बरेच जुने अभ्यास एकत्र तपासून काढलं आहे. कारण गमतीचं आहे. गरम पाण्याने हातापायांच्या कातडीतलं रक्त वाढतं, त्यातून आतली उष्णता बाहेर पडते, आणि आतून शरीर थंड होऊ लागलं की त्याला रात्र झाल्याचं पटतं. म्हणूनच ऐन झोपताना कढत पाणी घेऊन चालत नाही, मध्ये तासभर हवा.

इथे सासूबाईंनी बैठकीत भाग घेतला. ‘‘म्हणजे हा सकाळी पारोसा देवाला दिवा लावणार?’’

ही हरकत वैद्यकात बसत नसली तरी घरात बसते, आणि घंटा घरातच वाजणार असते. तोड अशी निघाली की रात्रीची आंघोळ झोपेची, आणि सकाळी दोन तांबे गार पाण्याचे देवासाठी. पाच मिनिटं. सासूबाईंनी तांबे मोजून घ्यायचं कबूल केलं. दाढी रात्रीच्या आंघोळीत गेली. कपडे, पास आणि चष्मा रात्रीच एका जागी ठेवले, म्हणजे चष्मा शोधण्याची दहा मिनिटं वाचली. चार पन्नासचं उठणं पाच वीसवर आलं. त्यातून सात तास पस्तीस मिनिटं मागे गेलं की पावणेदहा, आणि घंटा नऊला.

ताईच्या बाजूला कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये गेली, भाजी भाऊजींनी चिरायची ठरली, आणि ती पाचला उठू लागली. पाचमधून मागे मोजलं की नऊ पंचवीसला दिवा बंद, आणि घंटा आठ चाळीसला. पण ती घंटा ताईच्या फोनात लावायची नाही, असा ठराव झाला. ती भाऊजींच्या आणि चिरंजीवांच्या फोनात वाजते, कारण आठ चाळीसला उठून झाकपाक करायची आहे ती त्यांनी. ताईला वेळ समजतेच, तिला ती गेली वीस वर्षं समजते आहे. या घंटेबद्दल माझं जर काही ठाम मत असेल तर ते हे, की ती ज्याला झोपायचं आहे त्याच्यापेक्षा ज्याच्यामुळे झोपता येत नाही त्याच्या खिशात वाजवावी.

चहाचा मुद्दा मात्र अर्धाच सुटला. चहातलं कॅफिन रक्तात निम्मं व्हायला साधारण पाच तास घेतं. माणसागणिक ते कमी-जास्त होतं. तेव्हा घरी आल्यावर सव्वाआठला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री सव्वा वाजताही भाऊजींच्या अंगात वावरत असतं. पावणेदहाच्या झोपेसाठी उलटं मोजलं तर शेवटचा चहा संध्याकाळी पावणेपाचच्या आसपास पडतो. भाऊजींनी सव्वाआठचा सोडला. ऑफिसातून निघतानाचा साडेपाचचा सोडणार नाही असं त्यांनी निक्षून सांगितलं, कारण तो चहा नसून तो निरोप असतो. वाटाघाटी तिथे थांबल्या.

आता घंटा वाजल्यावर काय होतं ते पाहण्यासारखं असतं. ती फोनात वाजते, आणि फोन ठेवा असं सांगण्यासाठी वाजते. ती बंद करायला फोन हातात घ्यावा लागतो. हातात घेतला की दिसतं, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून सत्तावीस निरोप आले आहेत. निरोप वाचावे लागतात, एकाला उत्तर द्यावं लागतं, कारण तो तसलाच असतो. साडेनऊला भाऊजी मान वर करतात आणि म्हणतात, ‘‘ती घंटा वाजली नाही वाटतं आज.’’ ज्याने हे यंत्र बनवलं त्याने दारूच्या दुकानात दारूबंदीची पाटी लावल्यासारखं आहे हे. ताईने यावर साधा उपाय केला. फोन चार्जिंगला लावायची जागा तिने पलंगाशेजारून हलवून स्वयंपाकघरात, मिक्सरच्या पिनेवर नेली. घंटा आता तिथे वाजते, ती बंद करायला ओट्याशी जावं लागतं, आणि ओट्याशी गेलेल्या माणसाच्या हातात ताई फडकं देते.

काही फोनांत याहून एक पुढची सोय आहे. निजायची वेळ झाली की पडद्यावरचे रंग जातात आणि सगळं काळंपांढरं दिसू लागतं, म्हणजे बघण्यातली गोडी जावी. सासूबाईंच्या फोनात चिरंजीवांनी ती न सांगता लावली. सासूबाईंना रात्री कीर्तन लावायचं होतं. बुवांचा फेटा करडा, उपरणं करडं, हार करडा. त्यांना वाटलं कोणीतरी जुनं, दूरदर्शनवर रंग यायच्या आधीचं, म्हणजे १९८२च्या पूर्वीचं दुर्मीळ कीर्तन सापडलं आहे. त्या भक्तिभावाने साडेअकरापर्यंत बघत बसल्या.

तरीही दोन आठवड्यांत घर बऱ्यापैकी मार्गाला लागलं. भाऊजींना डोळा लागायला आता दहा-बारा मिनिटं लागतात आणि ते याची तक्रार करतात. मुंब्र्यापर्यंत ते जागे असतात आणि पेपर वाचतात. ताईची घंटा साडेदहाच्या झोपेपासून सुरू करून सरकत सरकत आली, दहाच्या खाली मात्र अजून नीट उतरत नाही. आम्ही ती तिथेच राहू दिली. दुपारी सासूबाईंबरोबर ती वीस मिनिटं लवंडते. क्रिकेटचा सामना असेल त्या दिवशी घंटा कोणाला ऐकू येत नाही, आणि मोदकांच्या आदल्या रात्री ती वाजवायची हिंमत कोणी करत नाही.

राहता राहिले चिरंजीव. सगळ्यांच्या फोनात घंटा लावून दिल्यावर त्यांनी, कोणी सांगितलं नसताना, आपल्याही फोनात लावली. कॉलेजचं पहिलं लेक्चर उशिरा, आणि विशीतल्या मुलांचं शरीरातलं घड्याळ तसंही मोठ्या माणसांपेक्षा मागे चालतं. हे विज्ञान त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी उठायची वेळ दिली साडेनऊ. झोप, फोनने सुचवलेली, आठ तास. फोनने चोख वजाबाकी केली: दीड वाजता झोप. आवरायला पाऊण तास. आणि नव्या नियमाप्रमाणे फोन स्वयंपाकघरात, मिक्सरच्या पिनेवर, पूर्ण आवाजात.

मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता ती घंटा वाजली. चिरंजीव कानात बोंडं घालून आतल्या खोलीत सिनेमा बघत होते, त्यांना ऐकू आली नाही. सासूबाईंना आली, त्यांनी ‘अरे, उठा रे’ म्हणून हाक दिली. ताई झोपेतच उठली, गॅस पेटवला, फ्रिजमधला कणकेचा गोळा काढला. भाऊजी अंधारात बाथरूममध्ये गेले आणि देवाचे दोन तांबे गार पाणी अंगावर घेऊन कुडकुडत बाहेर आले. चौथी पोळी तव्यावर असताना चिरंजीव पाणी प्यायला बाहेर आले, आणि आईवडिलांकडे बघून म्हणाले, ‘‘तुम्ही लोक अजून झोपला नाहीत?’’